दोन्ही टोकं फिक्स असलेला बीम, मधोमध लोड: WL/8 कुठून येतो आणि किती खरा असतो

दोन्ही टोकांना पक्का बसवलेला बीम आणि बरोबर मध्यावर एक लोड, यासाठी टोकाचा मोमेंट WL/8 हे सूत्र तक्त्यात एका ओळीत मिळतं. पाठही पटकन होतं. पण नवीन मुलं अडखळतात ती पुढे: हा मोमेंट कोणत्या दिशेचा, मध्यावर किती उरतो, चिन्ह कोणतं लावायचं, आणि प्रत्यक्षातला सपोर्ट खरोखर इतका पक्का आहे का? या सगळ्याची उत्तरं एकाच गोष्टीत आहेत, ती म्हणजे टोकाचा स्लोप. म्हणून सूत्र बाजूला ठेवून तिथूनच सुरुवात करू.

एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरू. स्पॅन L = ६ मीटर, मधला लोड W = ४० किलोन्यूटन. बीम स्टीलचा, E = २०० गिगापास्कल आणि I = ९००० सेंटिमीटर⁴. गुणाकार केला की EI = १८००० किलोन्यूटन-मीटर² येतो. बीमचं स्वतःचं वजन सध्या सोडून देऊ. ते पसरलेलं असतं, त्याचा टोकाचा मोमेंट wL²/12 ने वेगळा काढून नंतर मिळवता येतो.

आधी टोकं मोकळी सोडा

समतोलाच्या समीकरणांनी हे गणित सुटत नाही. सममितीमुळे दोन्ही रिअ‍ॅक्शन W/2, म्हणजे २० किलोन्यूटन, हे लगेच कळतं. पण टोकाचा मोमेंट किती, हे समतोल सांगू शकत नाही, कारण दोन्ही टोकांना समान कितीही मोमेंट धरला तरी समतोल बिघडत नाही. आणखी एक अट हवी, आणि ती आकाराची आहे: फिक्स टोकाला बीम फिरू शकत नाही, म्हणून तिथला स्लोप शून्य.

ही अट वापरायची सोपी रीत अशी. दोन्ही टोकांचं फिक्सिंग काढून टाका आणि बीम नुसता टेकवलेला, म्हणजे सिम्पली सपोर्टेड आहे असं धरा. आता मध्यावरचा मोमेंट WL/4, म्हणजे ६० किलोन्यूटन-मीटर, आणि आकृती सरळ त्रिकोणाची. बीम मध्यावर खाली वाकेल आणि टोकं फिरतील. किती फिरतील?

दोन बिंदूंमधल्या स्लोपचा फरक म्हणजे त्यांच्यामधल्या मोमेंट आकृतीचं क्षेत्रफळ भागिले EI. मध्यावर सममितीमुळे स्लोप शून्य आहे, म्हणून टोकाचा स्लोप म्हणजे अर्ध्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ:

```
θ1 = (1/2)(L/2)(WL/4) / EI = WL²/16EI
   = 40 × 36 / (16 × 18000) = 0.005 rad
```

०.००५ रेडियन म्हणजे एका मीटरला पाच मिलिमीटर. डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकंच हे फिरणं. पण सगळा टोकाचा मोमेंट एवढंसं फिरणं अडवण्यातूनच तयार होतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सपोर्ट कितपत पक्का आहे हे पाहताना तो मोजपट्टी म्हणून उपयोगी पडेल.

आता टोकं उलट फिरवून जागेवर आणा

लोड काढून टाका आणि दोन्ही टोकांना समान मोमेंट M लावा, बीमला वरच्या बाजूला वाकवणारा. दोन्ही बाजूंनी सारखाच मोमेंट असल्यामुळे तो संपूर्ण लांबीत एकसारखा राहतो. आकृती म्हणजे M उंचीचा आयत. पुन्हा अर्ध्या लांबीचं क्षेत्रफळ घ्या:

```
θ2 = M (L/2) / EI = ML/2EI
```

हा स्लोप आधीच्या स्लोपच्या उलट दिशेचा. टोकाला बीम अजिबात फिरलेला नसेल तर दोन्ही एकमेकांना पूर्ण खोडले पाहिजेत:

```
ML/2EI = WL²/16EI
M = WL/8 = 40 × 6 / 8 = 30 kN·m
```

इथे EI दोन्ही बाजूंनी उडून गेला, म्हणून तक्त्यातल्या सूत्रात तो दिसत नाही. पण तो उडाला कारण आपण संपूर्ण लांबीत तो एकच धरला. बीम टोकांजवळ जास्त खोल असेल, म्हणजे हाँच दिलेला असेल, तर कडक टोकं जास्त मोमेंट खेचून घेतात आणि उत्तर WL/8 पेक्षा मोठं येतं. अशा बीमला हे सूत्र डोळे मिटून लावू नका. तिथे क्षेत्रफळ M/EI आकृतीचं घ्यावं लागतं, रीत मात्र हीच.

एका गोष्टीवर थोडं थांबा. टोकाचा मोमेंट हा लोडसारखा बाहेरून आणून ठेवलेला नसतो. बीम फिरू पाहतो आणि सपोर्ट त्याला फिरू देत नाही, त्या अडवण्याची किंमत म्हणजे हा मोमेंट. एक लवचीक प्लास्टिकची पट्टी दोन्ही टोकांना मुठीत घट्ट धरा, दोन्ही मुठी टेबलाच्या कडेवर टेकवा आणि दुसऱ्या कुणाला पट्टीच्या मध्यावर दाबायला सांगा. तुमच्या दोन्ही मनगटांना आतल्या बाजूला वळायची ओढ जाणवेल. त्या ओढीला मनगटं जो विरोध करतात तोच फिक्स्ड एंड मोमेंट. मनगट जरा सैल सोडलं की पट्टी लगेच मध्यावर जास्त वाकते. हे मुद्दाम करून पाहा. पुढचं अर्धं गणित त्या सैल मनगटाचंच आहे.

आकृती काढा, आणि शून्य कुठे आहे ते शोधा

आता दोन्ही आकृत्या एकावर एक ठेवायच्या: ६० उंचीचा त्रिकोण आणि त्यातून वजा ३० उंचीचा आयत. टोकांना ० − ३० = −३०, मध्यावर ६० − ३० = +३०. टोकांना हॉगिंग, म्हणजे वरच्या बाजूला ताण. मध्यावर सॅगिंग, म्हणजे खालच्या बाजूला ताण. तिन्ही ठिकाणी आकडा तोच, WL/8. हा समसमानपणा मधोमधच्या एकट्या लोडचं वैशिष्ट्य आहे. पसरलेल्या लोडला तो नसतो. तिथे टोकाला wL²/12 आणि मध्यावर त्याच्या निम्मा, wL²/24.

डाव्या टोकापासून x अंतरावरचा मोमेंट −30 + 20x. शून्य कुठे? x = १.५ मीटरवर, म्हणजे बरोबर L/4 वर, आणि दुसऱ्या बाजूने तेवढ्याच अंतरावर. या बिंदूंपाशी बीमचा वाक उलटतो. त्यांना पॉइंट ऑफ कॉन्ट्राफ्लेक्शर म्हणतात. मधला निम्मा बीम खाली वाकतो, दोन्ही टोकांचे पाव-पाव भाग वर वाकतात.

ही आकृती नुसती परीक्षेपुरती नसते. काँक्रीटच्या बीममध्ये टोकांजवळ ताण वरच्या बाजूला असतो, म्हणून मुख्य सळ्या तिथे वर हव्यात, आणि त्या L/4 वर नेमक्या कापायच्या नाहीत. त्यापुढे काँक्रीटमध्ये पकड मिळण्याइतक्या न्यायच्या. या सळ्या विसरल्या किंवा खाली पडल्या तर टोकाजवळ वरच्या बाजूने, सपोर्टला लागून उभी चीर दिसते. स्टीलच्या बीममध्ये नजर खालच्या फ्लँजवर ठेवावी लागते: टोकांजवळच्या पावभागात दाब खालच्या फ्लँजमध्ये येतो, आणि वर बसलेला स्लॅब त्याला बाजूला सरकण्यापासून थेट अडवत नाही.

डिफ्लेक्शनही याच दोन भागांतून मिळतं. नुसता टेकवलेला बीम मध्यावर WL³/48EI, म्हणजे १० मिलिमीटर खाली जातो. टोकांचे मोमेंट त्याला ML²/8EI, म्हणजे ७.५ मिलिमीटर वर उचलतात. उरतात २.५ मिलिमीटर. सूत्रात मांडलं तर WL³/192EI, टेकवलेल्या बीमच्या बरोबर एक चतुर्थांश. मोमेंट निम्मा झाला पण डिफ्लेक्शन चौथ्या हिश्शावर आलं. म्हणूनच टोकं किती पक्की आहेत याबद्दलचा थोडासा गैरसमजही मोमेंटपेक्षा डिफ्लेक्शनमध्ये फार मोठा होऊन बाहेर पडतो.

चिन्हांचा घोळ

हा घोळ जवळजवळ प्रत्येकाला होतो, म्हणून सविस्तर सांगतो. दोन वेगळ्या चिन्हपद्धती आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत.

बेंडिंग मोमेंटची आकृती काढताना आपण बीम कुठल्या बाजूला वाकतो ते विचारतो. हॉगिंग वजा, सॅगिंग अधिक. या पद्धतीत दोन्ही टोकांना −३०.

मोमेंट डिस्ट्रिब्यूशन करताना मात्र आपण विचारतो की सपोर्ट बीमच्या टोकाला कोणत्या दिशेने फिरवतोय. लोडखाली डावं टोक घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरू पाहतं, म्हणून सपोर्ट त्याला उलट दिशेने धरतो. उजवीकडे नेमकं याच्या विरुद्ध. घड्याळाच्या दिशेला अधिक धरलं, तर डावीकडे −३० आणि उजवीकडे +३०. हार्डी क्रॉस यांनी १९३० मध्ये मांडलेली ही रीत सगळीकडे चालते, आणि तिच्या तक्त्याच्या पहिल्या ओळीत हेच −WL/8 आणि +WL/8 लिहिलेले असतात. काही पुस्तकं घड्याळाच्या उलट दिशेला अधिक धरतात. तिथे चिन्हं उलटी. कोणतीही पद्धत घ्या, पण कागदाच्या वर एका ओळीत लिहून ठेवा.

चूक झाली हे कसं ओळखायचं? तक्त्यातले −३० आणि +३० जसेच्या तसे आकृतीवर नेले तर एका टोकाला हॉगिंग आणि दुसऱ्याला सॅगिंग दिसेल. सममित बीम, सममित लोड आणि आकृती मात्र तिरकी, असं होऊच शकत नाही. तसं दिसलं की गणित पुन्हा करू नका, चिन्ह तपासा.

सपोर्ट खरोखर किती पक्का?

WL/8 हा आकडा टोक शून्य फिरतं या गृहीतकावर उभा आहे. आता ०.००५ रेडियनचा तो आकडा परत आणा. टोक पूर्ण मोकळं असेल तर ते ०.००५ फिरतं आणि मोमेंट शून्य होतो. टोक थोडंसं फिरलं, दोन्हीकडे सारखंच θ, तर मोमेंट 2EIθ/L ने कमी होतो. आपल्या θ2 च्या सूत्रातूनच हे निघतं. समजा सपोर्ट ०.००१ रेडियन सैल पडला:

```
2 × 18000 × 0.001 / 6 = 6 kN·m
टोक: 30 − 6 = 24      मध्य: 60 − 24 = 36
```

एका मीटरला एक मिलिमीटर इतकं फिरणं आणि टोकाचा पाचवा हिस्सा मोमेंट मध्यावर गेला. तो नाहीसा झालेला नाही. मध्यासाठी तुम्ही ३० धरून डिझाइन केलं असेल, तर बीम आता ३६ सोसतोय. मध्याखाली खालच्या बाजूने बारीक चिरा आणि अपेक्षेपेक्षा जास्त डिफ्लेक्शन, ही त्याची खूण. आकडाही पाहा: टोकांची उचल आता २४ × ३६ भागिले ८EI, म्हणजे ६ मिलिमीटर. डिफ्लेक्शन २.५ वरून ४ मिलिमीटर. मोमेंट वीस टक्क्यांनी वाढला, डिफ्लेक्शन साठ टक्क्यांनी.

हे ०.००१ मी उगाच घेतलेलं नाही. समजा हा बीम दोन कॉलमच्या डोक्यांना घट्ट जोडलेला आहे, कॉलम ३ मीटर उंच, खाली पक्के, आणि त्यांचा EI बीमइतकाच. कॉलमचं डोकं फिरवायला लागणारा कडकपणा 4EI/h, म्हणजे २४०००. दोन्ही टोकं सारखी आत वळताना बीमचा कडकपणा 2EI/L, म्हणजे ६०००. सुरुवातीचा ३० चा मोमेंट या दोघांच्या बेरजेने भागला:

```
θ = 30 / (24000 + 6000) = 0.001 rad
```

म्हणजे बीमइतकाच दणकट, बीमच्या निम्म्या लांबीचा, खाली पक्का कॉलम असूनही टोकाला ३० नाही, २४ च येतात. कॉलमच्या डोक्यावरही तेच २४ जातात, आणि कॉलम त्यासाठी डिझाइन झालेला हवा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बीम फिक्स धरायचा म्हणजे त्याचा मोमेंट दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला सांगायचं. घेणारा कोण आणि त्याची ताकद किती, हे पाहिल्याशिवाय ‘फिक्स्ड’ हा शब्द रेखाटनावर लिहू नये. पातळ भिंतीत थोडासा आत घुसवलेला बीम किंवा फक्त वेबला दोन बोल्टांनी जोडलेला बीम पक्का नसतो. तो जवळजवळ टेकवलेलाच असतो. मध्यावर ६० धरा.

शंका असेल तर दोन टोकांच्या गृहीतकांमध्ये राहा: मध्यासाठी सैल टोक, टोकासाठी पक्कं टोक. थोडं साहित्य जास्त लागेल, पण तुमचा अंदाज दोन्हीपैकी कुठल्याही बाजूला चुकला तरी बीम सांभाळून घेईल.

लोड मधोमध नसेल, किंवा एक सपोर्ट खचला तर

लोड डाव्या टोकापासून a आणि उजव्यापासून b अंतरावर असेल, तर डावीकडे Wab²/L² आणि उजवीकडे Wa²b/L². दोन्ही L/2 ठेवले की WL/8 परत मिळतो, तेवढी खात्री स्वतः करून घ्या. आपला लोड मध्यापासून फक्त एक मीटर डावीकडे सरकवा, a = २, b = ४. डावीकडे ३५.६, उजवीकडे १७.८. लोड तेवढाच, पण जवळच्या टोकाचा मोमेंट जवळजवळ एकोणीस टक्क्यांनी वाढला. L/3 ही टोकासाठी सगळ्यात वाईट जागा, आणि आपण नेमके तिथेच आहोत. म्हणून सरकणाऱ्या लोडसाठी, उदाहरणार्थ बीमखाली धावणाऱ्या हॉइस्टसाठी, टोकाचा मोमेंट WL/8 धरणं धोक्याचं आहे. तिथे 4WL/27 धरा.

सपोर्ट खचण्याचं वेगळंच. टेकवलेल्या बीमचं एक टोक पाच मिलिमीटर खाली गेलं तर बीम नुसता तिरका होतो, मोमेंट बदलत नाही. फिक्स बीममध्ये टोकांना 6EIΔ/L² इतका मोमेंट येतो:

```
6 × 18000 × 0.005 / 36 = 15 kN·m
```

खचलेल्या टोकाचं हॉगिंग ३० वरून १५ वर येतं, न खचलेल्या टोकाचं ४५ वर जातं. चीर अनेकदा खचलेल्या सपोर्टपाशी शोधली जाते, पण जास्त ताण पडतो तो दुसऱ्या, जागेवर राहिलेल्या टोकावर, वरच्या बाजूला. शिवाय इथे सूत्रात EI आहे. बीम जितका कडक तितका खचण्याचा मोमेंट मोठा, म्हणून जमीन खचणारी असेल तर नुसता खोल बीम हा उपाय ठरत नाही.

संगणकावर मॉडेल केलं असेल तर उत्तर तपासायला एक बेरीज पुरते. मधोमध लोड असताना, सपोर्ट कितीही सैल असो किंवा खचलेला असो, मध्यावरचं सॅगिंग अधिक दोन्ही टोकांच्या हॉगिंगची सरासरी म्हणजे कायम WL/4. पक्क्या टोकांना ३० + ३०, कॉलमवर ३६ + २४, खचलेल्या सपोर्टला ३० अधिक (४५ + १५)/२. प्रत्येक वेळी ६०. बेरीज ६० आली नाही, तर लोड, स्पॅन किंवा चिन्ह यांपैकी काहीतरी चुकीचं भरलं आहे. बेरीज ६० आली पण टोकाला शून्य दिसतंय, तर जोड भरताना मोमेंट रिलीज चालू राहिला आहे किंवा सपोर्ट पिन्ड दिला गेला आहे.